सदोष लेबल (यंत्र शिक्षण)

सदोष लेबल म्हणजे यंत्र शिक्षणासाठी वापरल्या जाणाऱ्या विदासंचातील एखाद्या उदाहरणाला दिलेले चुकीचे नाव होय. 'ध' या अक्षराच्या चित्रापुढे 'घ' अशी नोंद असणे किंवा मांजराच्या छायाचित्रापुढे 'कुत्रा' असे लिहिलेले असणे ही त्याची साधी उदाहरणे आहेत. अशा नोंदी शोधण्याचा सर्वांत प्रचलित मार्ग पुढीलप्रमाणे आहे. प्रशिक्षण चालू असताना प्रत्येक उदाहरणावर मॉडेल किती चुकते हे स्वतंत्रपणे मोजले जाते आणि ज्या उदाहरणांवर ही चूक मोठी राहते, ती संशयित मानली जातात. चुकीच्या या मापाला लॉस म्हणतात. या पद्धतीत एक मूलभूत अडचण आहे. लेबल चुकलेले असले तरी लॉस मोठा येतो आणि लेबल बरोबर असूनही उदाहरण दुर्मीळ किंवा अवघड असले तरी लॉस मोठाच येतो. या विषयातील बहुतेक पद्धती या दोन कारणांमध्ये भेद करण्यासाठीच निर्माण झाल्या आहेत.

## लेबले कशी बिघडतात

लेबलांतील दोष साधारणपणे दोन प्रकारचे असतात. पहिल्या प्रकारात चूक कोठेही आणि कशीही होते. नोंद करणाऱ्याचे बोट शेजारच्या कळीवर पडते, दोन ओळींची अदलाबदल होते किंवा फाइलींचा क्रम सरकतो. अशा चुका सर्व वर्गांत विखुरलेल्या असतात आणि त्यांत कोणतीही संगती नसते. दुसऱ्या प्रकारात चुकीला दिशा असते. हस्ताक्षरात घ आणि ध, भ आणि म, ब आणि व यांची गल्लत होते. परंतु घ आणि म यांची सहसा होत नाही. माणूस ज्या ठिकाणी गोंधळतो त्याच ठिकाणी अशा चुका साचतात.

संशोधनात पहिल्या प्रकारची चूक मुद्दाम तयार करणे सोपे असते. ठरावीक टक्के लेबले यादृच्छिकपणे बदलली की काम झाले. त्यामुळे बराच काळ पद्धतींची परीक्षा अशाच कृत्रिम दोषांवर होत राहिली. प्रत्यक्षातील विदा मात्र दुसऱ्या प्रकारच्या दोषांनी भरलेली असते. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या सायफार-१०-एन या संचात दहा वर्गांच्या ५०,००० लहान चित्रांना माणसांकडून नव्याने लेबले देववण्यात आली. प्रत्येक चित्राला तिघांनी लेबल दिले. तिघांचा बहुमताने निर्णय घेतला तेव्हा सुमारे ९ टक्के लेबले मूळ लेबलांशी जुळली नाहीत. तिघांपैकी चुकलेले लेबल, जेथे ते होते तेथे, मुद्दाम निवडले असता हे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवर गेले.

## लॉस म्हणजे काय

वर्गीकरण करणारे मॉडेल प्रत्येक चित्रासाठी सर्व वर्गांत संभाव्यता वाटून देते आणि त्यांची बेरीज एक असते. नोंदलेल्या वर्गाच्या वाट्याला आलेली संभाव्यता `p` असेल, तर सर्वाधिक वापरला जाणारा लॉस असा असतो:

```
L = -ln(p)
```

मॉडेलने नोंदलेल्या वर्गाला ०.९५ संभाव्यता दिली तर लॉस सुमारे ०.०५ येतो. ०.५० दिली तर तो ०.६९ आणि ०.०४ दिली तर ३.२२ येतो. वीस वर्ग असतील आणि मॉडेलला काहीच ठाऊक नसेल, तर ते प्रत्येक वर्गाला ०.०५ देईल आणि लॉस ३.०० च्या आसपास येईल. म्हणजे ३.२२ हा लॉस निव्वळ अज्ञानाचा नसतो. मॉडेलचे काही मत बनलेले आहे आणि ते नोंदीच्या विरुद्ध आहे, असे त्यातून कळते.

येथे एक व्यावहारिक सूचना आवश्यक आहे. प्रशिक्षणाच्या प्रचलित साधनांत लॉस आपोआप सरासरीच्या रूपात मिळतो, आणि सरासरीत एकट्या उदाहरणाची ओळख बुडते. पायटॉर्च या ग्रंथालयात प्रत्येक उदाहरणाचा लॉस वेगळा हवा असल्यास तसे सांगावे लागते:

```python
model.eval()
with torch.no_grad():
    losses = F.cross_entropy(model(x), y, reduction="none")
```

हे मोजमाप प्रत्येक फेरीच्या शेवटी, चित्रांत कोणताही कृत्रिम फेरफार न करता आणि प्रत्येक उदाहरणाचा अनुक्रमांक सोबत ठेवून करतात. फेरी म्हणजे संचातील सर्व उदाहरणे मॉडेलसमोर एकदा येणे. फेरी चालू असतानाच लॉस नोंदला, तर सुरुवातीची उदाहरणे कच्च्या मॉडेलने आणि शेवटची अधिक शिकलेल्या मॉडेलने तपासलेली असतात. अशी तुलना न्याय्य ठरत नाही.

## आधी नियम, मग पाठांतर

लॉसवरून दोष ओळखता येतो याचे कारण न्यूरल नेटवर्कच्या शिकण्याच्या क्रमात आहे. च्युआन झांग, सॅमी बेंजिओ, मॉरिट्झ हार्ट, बेंजामिन रेक्ट आणि ओरिओल विन्याल्स यांनी २०१७ साली सादर केलेल्या प्रयोगात सायफार-१० या संचातील सर्व लेबले यादृच्छिक करून टाकली. चित्र आणि नाव यांत कोणताही संबंध उरला नव्हता. तरीही नेटवर्कने प्रशिक्षणाच्या चित्रांवरील चूक शून्यावर आणली, म्हणजे ५०,००० निरर्थक जोड्या पाठ केल्या. नव्या चित्रांवर त्याची मजल अर्थातच अंदाजपंचे उत्तर देण्यापलीकडे गेली नाही.

यावरून दीर्घकाळ प्रशिक्षण दिल्यानंतरचा लॉस पाहण्यात अर्थ नसतो हे स्पष्ट होते, कारण तोवर चुकीची लेबलेही पाठ झालेली असतात. त्याच वर्षी देवांश अर्पित आणि सहकाऱ्यांनी या चित्राची दुसरी बाजू दाखवली. नेटवर्क पाठांतर करू शकत असले तरी ते आधी अनेक उदाहरणांना समान असलेले साधे आकृतिबंध शिकते आणि अपवाद नंतर पाठ करते. याचे कारणही समजण्यासारखे आहे. हजार चित्रांतील समान खूण मॉडेलला एकाच दिशेने हजार वेळा ढकलते. एकट्या चुकीच्या लेबलाची ओढ मात्र त्याच्यासारख्या दिसणाऱ्या, बरोबर लेबलाच्या चित्रांकडून खोडली जाते. मोठी ओढ संपल्यावरच त्या एकट्याची ओढ प्रभावी ठरते.

म्हणून पाहणीसाठी योग्य काळ मर्यादित असतो. अगदी आरंभी सर्वांचाच लॉस मोठा असतो आणि अखेरीस सर्वांचाच लहान होतो. मधल्या काही फेऱ्यांत दोन्ही गट वेगळे दिसतात.

## एक उदाहरण: हस्तलिखित अक्षरे

पुढील उदाहरण व त्यातील आकडे विषय समजावण्यासाठी रचलेले आहेत. समजा, देवनागरीतील वीस व्यंजनांची प्रत्येकी १,०००, अशी हस्तलिखित अक्षरांची २०,००० चित्रे गोळा केली आहेत. लिहिणारे बहुतेक हिंदी भाषक आहेत, काही थोडे मराठी भाषक आहेत. मराठीत पाकळीयुक्त ल प्रमाण मानला जातो, तर हिंदीत दंडयुक्त ल रूढ आहे. त्यामुळे ल च्या हजार चित्रांपैकी केवळ तीस पाकळीयुक्त आहेत. पाचव्या फेरीनंतर चार चित्रांची स्थिती अशी दिसते:

| चित्र | नोंद | नोंदीला दिलेली संभाव्यता | लॉस, फेरी ५ | लॉस, फेरी ६० |
|---|---|---|---|---|
| पहिले: स्वच्छ म | म | ०.९५ | ०.०५ | ०.०० |
| दुसरे: ध | घ | ०.०४ | ३.२२ | ०.०३ |
| तिसरे: पाकळीयुक्त ल | ल | ०.०६ | २.८१ | ०.०२ |
| चौथे: शाई फुटलेले प | प | ०.१० | २.३० | ०.०५ |

साठाव्या फेरीतील रकाना निरुपयोगी आहे, कारण तेथे चारही चित्रे सारखीच निर्दोष भासतात. पाचव्या फेरीतील रकाना उपयोगी आहे, पण फसवाही आहे. लॉस २ च्या वर असेल ते चित्र टाकून द्यावे असा नियम केला तर दुसरे चित्र योग्यच वगळले जाईल. त्यासोबत तिसरेही जाईल, त्याच्यासारखी बाकीची बरीचशी चित्रे जातील आणि मॉडेलला मराठी वळणाचा ल कधीच ओळखता येणार नाही. विदासंच स्वच्छ करण्याच्या नावाखाली त्यातील अल्पसंख्य पण पूर्णपणे शुद्ध लेखन पुसले जाईल. या पद्धतीचा हा सर्वांत गंभीर धोका आहे आणि तो सरासरी अचूकतेच्या आकड्यात दिसत नाही. तीसच्या तीस चित्रे गमावली तरी वीस हजारांत तो फरक ०.१५ टक्क्यांचा असतो.

दुसरे आणि तिसरे चित्र वेगळे करायचे तर लॉसच्या एका आकड्यापेक्षा अधिक काहीतरी पाहावे लागते. पुढील पद्धती हे वेगवेगळ्या प्रकारे साधतात.

## लॉसचे दोन गट पाडणे

सर्व उदाहरणांच्या लॉसचा आलेख काढला तर योग्य फेरीत त्यात दोन उंचवटे दिसतात. शून्याजवळचा मोठा उंचवटा बहुधा बरोबर लेबलांचा आणि दूरचा लहान उंचवटा बहुधा चुकीच्या लेबलांचा असतो. एरिक अराझो आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली या दोन उंचवट्यांवर दोन बीटा वितरणांचे मिश्रण बसवले. पुढच्या वर्षीच्या डिव्हाइडमिक्स या पद्धतीत त्याऐवजी दोन गॉसियन वितरणे घेतली गेली.

मिश्रणाचा लाभ असा की सीमारेषा हाताने ठरवावी लागत नाही आणि प्रत्येक उदाहरणाला होय किंवा नाही असा निकाल न देता संशयाचे प्रमाण देता येते. समजा, ८० टक्के उदाहरणे स्वच्छ गटात आणि २० टक्के सदोष गटात आहेत, असे मिश्रणातून निघाले. एका विशिष्ट लॉसला स्वच्छ गटाची घनता ०.३ आणि सदोष गटाची १.२ आहे. तर ते उदाहरण सदोष असण्याची संभाव्यता ०.२ × १.२ भागिले (०.२ × १.२ + ०.८ × ०.३), म्हणजे ०.५ येते. त्या लॉसला सदोष गटाची घनता चौपट असूनही निर्णय समसमान राहतो, कारण स्वच्छ उदाहरणे मुळातच चौपट आहेत.

तथापि आपल्या तिसऱ्या चित्राचा प्रश्न येथे सुटत नाही. लॉस २.८१ असल्यामुळे ते दूरच्या उंचवट्यातच पडते. दोष मुख्यतः यादृच्छिक असतील आणि दुर्मीळ उपप्रकार फारसे नसतील, तेव्हा ही पद्धत उत्तम चालते.

## न पाहिलेल्या चित्रांवर मत

कर्टिस नॉर्थकट, लू जियांग आणि आयझॅक च्वांग यांनी मांडलेल्या कॉन्फिडंट लर्निंग या पद्धतीत पाठांतराचा प्रश्न मुळातच टाळला जातो. संचाचे पाच भाग करतात, चार भागांवर मॉडेल शिकवतात आणि पाचव्या भागावर त्याचे मत घेतात. असे पाच वेळा केले की प्रत्येक चित्राबद्दल, ते चित्र कधीही न पाहिलेल्या मॉडेलचे मत मिळते. स्वतः तपासलेली उत्तरपत्रिका पुन्हा स्वतःकडेच फेरतपासणीला न देण्यासारखा हा प्रकार आहे.

यानंतर प्रत्येक वर्गासाठी वेगळा उंबरठा काढतात. 'ध' असे लेबल असलेल्या सर्व चित्रांना मॉडेलने 'ध' साठी सरासरी किती संभाव्यता दिली, ती सरासरी हाच 'ध' चा उंबरठा. समजा तो ०.८४ आहे. दुसऱ्या चित्राची नोंद 'घ' आहे, पण मॉडेलने 'ध' ला ०.९३ दिले आहेत. ०.९३ हे ०.८४ पेक्षा जास्त असल्याने 'नोंद घ, बहुधा ध' या रकान्यात त्याची गणना होते आणि ते संशयित ठरते.

तिसऱ्या चित्राची गोष्ट वेगळी आहे. मॉडेलने ल ला ०.०६ दिले, पण उरलेली संभाव्यता त, न, ळ, स अशा अनेक अक्षरांत थोडी थोडी विखुरली आहे आणि कोणालाही ०.२० च्या वर काही मिळालेले नाही. कोणत्याही वर्गाचा उंबरठा ओलांडला जात नसल्याने हे चित्र संशयितांच्या यादीत येतच नाही. लॉस दोन्ही चित्रांचा मोठाच होता. पण दुसऱ्याच्या बाबतीत मॉडेलला दुसऱ्या एका उत्तराची खात्री होती आणि तिसऱ्याच्या बाबतीत ते केवळ गोंधळले होते. नोंदलेल्या वर्गाचीच संभाव्यता पाहणाऱ्या लॉसला हा भेद दिसू शकत नाही.

वर्गवार उंबरठ्याचा आणखी एक उपयोग आहे. ज्या वर्गावर मॉडेल नेहमीच साशंक असते, त्या वर्गाचा उंबरठा आपोआप खाली येतो. त्यामुळे सर्व वर्गांना एकच मोजपट्टी लावल्याने होणारा अन्याय टळतो.

## फेऱ्यांमधून घेतलेला मागोवा

जेफ प्लाइस आणि सहकाऱ्यांनी २०२० साली सुचवलेल्या पद्धतीत एका क्षणाऐवजी संपूर्ण प्रवास पाहिला जातो. संभाव्यतेत रूपांतर होण्यापूर्वी मॉडेल प्रत्येक वर्गाला कच्चे गुण देते. नोंदलेल्या वर्गाचे गुण वजा इतर वर्गांतील सर्वाधिक गुण, हा फरक प्रत्येक फेरीत मोजून त्याची सरासरी काढतात. दुसऱ्या चित्रात अनेक फेऱ्यांपर्यंत 'ध' चे गुण 'घ' पेक्षा जास्त राहतात आणि फरक ऋण राहतो. फार उशिरा, पाठांतर झाल्यावर, तो धन होतो. पाकळीयुक्त ल ची तीस चित्रे मात्र एकमेकांसारखी आहेत आणि सर्वांची नोंद एकच आहे. ती परस्परांना पाठबळ देतात, त्यामुळे त्यांचा फरक तुलनेने लवकर धन होतो. चुकीचे लेबल एकटे असते आणि त्याचे शेजारीच त्याच्या विरोधात असतात. दुर्मीळ प्रकाराला थोडे का होईना, सोबती असतात. मात्र असे चित्र संपूर्ण संचात एकच असेल तर त्याला सोबती नाही आणि मग ही पद्धतही त्याला सदोष लेबलापासून वेगळे करू शकत नाही.

सरासरी फरक किती खाली गेला म्हणजे संशय घ्यावा, हे ठरवण्याची युक्ती कल्पक आहे. काही चित्रे यादृच्छिकपणे निवडून त्यांना अस्तित्वात नसलेल्या एकविसाव्या वर्गाचे लेबल देतात. २०,००० चित्रांच्या आपल्या संचात अशी सुमारे ९५० चित्रे पुरतात. त्यांची लेबले चुकीची आहेत हे आपल्याला निश्चित ठाऊक असते. म्हणून त्यांच्या सरासरी फरकांचा ९९ वा शतमक हाच उंबरठा मानतात आणि त्याखालील उरलेली चित्रे संशयित ठरवतात. निवडलेल्या ९५० चित्रांची तपासणी राहून जाऊ नये म्हणून दुसऱ्या खेपेस वेगळी चित्रे निवडून तीच प्रक्रिया पुन्हा केली जाते. वेबव्हिजन या संकेतस्थळांवरून गोळा केलेल्या संचाच्या पन्नास वर्गांवर या पद्धतीने १७ टक्के प्रशिक्षण चित्रे वगळली आणि चाचणीतील चूक १.६ टक्के बिंदूंनी घटली.

## दोष असतानाही प्रशिक्षण

संशयित उदाहरणे शोधून माणसाकडून तपासणे नेहमीच परवडत नाही. दहा लाख चित्रांचा संच असेल तर प्रशिक्षणाची पद्धतच अशी ठेवावी लागते की चुकीच्या लेबलांचा प्रभाव कमी राहावा. पहिली उपाययोजना लॉसच्या सूत्रात आहे. नेहमीच्या लॉसमध्ये `p` जितका लहान तितकी त्या उदाहरणाची ओढ मोठी असते. `p` ०.०४ असेल तर नोंदलेल्या वर्गाच्या कच्च्या गुणांवरील ओढ ०.९६ आणि ०.९५ असेल तर केवळ ०.०५ असते. निर्दोष विदेत हे योग्यच आहे, कारण जे येत नाही तेच शिकायचे असते. सदोष विदेत मात्र सर्वाधिक ओढ चुकीच्या लेबलांची होते. झिलू झांग आणि मर्ट साबुंजू यांनी २०१८ साली यासाठी पुढील सूत्र सुचवले:

```
L_q = (1 - p^q) / q
```

यात `q` शून्याकडे नेला तर नेहमीचा लॉस मिळतो. त्यांनी वापरलेल्या ०.७ या मूल्याला मूळ ओढ `p^0.7` ने गुणली जाते. `p` ०.०४ असताना ओढ ०.९६ वरून सुमारे ०.१० वर येते, तर `p` ०.५ असताना ती ०.५० वरून ०.३१ पर्यंतच उतरते. म्हणजे मॉडेलच्या पूर्ण विरोधात असलेल्या नोंदीचा आवाज बराच कमी होतो आणि निम्मी पटलेली उदाहरणे कामाची राहतात. याची किंमतही उघड आहे. पाकळीयुक्त ल चा आवाजही तितकाच कमी होतो आणि तो शिकायला अधिक फेऱ्या लागतात. `q` एकपर्यंत वाढवला तर दोषांपासूनचे संरक्षण वाढते, पण वर्ग पुष्कळ असताना शिकणेच मंदावते.

दुसरी उपाययोजना निवडीची आहे. प्रत्येक गटातील केवळ लहान लॉस असलेल्या उदाहरणांवर मॉडेल शिकवायचे. एकच मॉडेल असे करू लागले तर ते आपल्याला पटते तेवढेच निवडते आणि आपल्याच चुका पक्क्या करत जाते. २०१८ सालच्या को-टीचिंग या पद्धतीत यासाठी वेगवेगळ्या आरंभापासून निघालेली दोन नेटवर्के एकाच वेळी शिकवली जातात. प्रत्येक नेटवर्क लहान लॉसची उदाहरणे निवडते आणि ती स्वतः न वापरता दुसऱ्याला देते. दोघांच्या चुका तंतोतंत सारख्या नसल्याने एकाने चुकून निवडलेले लेबल दुसऱ्याकडे पडताळले जाते. शाळेत दोन परीक्षकांनी गठ्ठ्यांची अदलाबदल करावी, तसेच हे आहे.

निवडीचे प्रमाण हळूहळू घटवले जाते. दोषांचे अंदाजे प्रमाण २० टक्के असेल तर पहिल्या दहा फेऱ्यांत ठेवायचा भाग १०० वरून ८० टक्क्यांवर आणतात. पाचव्या फेरीत तो ९० टक्के असतो. आरंभी सर्वच उदाहरणे घेण्याचे कारण आधी पाहिलेलेच आहे: तेव्हा नेटवर्क नियम शिकत असते, पाठांतर करत नसते. सायफार-१० मधील निम्मी लेबले यादृच्छिकपणे बदललेली असताना नेहमीच्या प्रशिक्षणाने चाचणीतील अचूकता सुमारे ४९ टक्के आली, तर या पद्धतीने सुमारे ७४ टक्के आली.

डिव्हाइडमिक्समध्ये हे दोन्ही धागे एकत्र येतात. मोठ्या लॉसची उदाहरणे तेथे फेकली जात नाहीत. त्यांचे लेबल तेवढे काढून टाकतात आणि चित्र अनामिक विदा म्हणून वापरतात. चित्र खरेच असते, चुकलेले असते ते फक्त त्याचे नाव, हा त्यामागचा विचार आहे.

## मर्यादा आणि पडताळणी

दोषांना दिशा असेल आणि प्रमाण मोठे असेल तर लॉसवर आधारित सर्वच पद्धती डळमळतात. ध च्या चित्रांपैकी ४० टक्क्यांवर 'घ' अशी नोंद असेल, तर ही चूक नेटवर्कच्या दृष्टीने अपवाद राहत नाही. तो एक आकृतिबंध होतो आणि इतर नियमांबरोबर सुरुवातीलाच शिकला जातो. अशा चित्रांचा लॉस लहानच दिसतो. निम्म्याहून अधिक चित्रे एकाच दिशेने चुकली असतील, तर विदेच्या आतून हे ओळखण्याचा कोणताही मार्ग उरत नाही. बाहेरून तपासलेला छोटा तरी संच लागतोच.

वर्ग विषम असतील तेव्हाही सावधगिरी लागते. लहान वर्गांचा लॉस स्वभावतःच मोठा असतो, त्यामुळे सर्व वर्गांना मिळून एकच सीमा लावली तर लहान वर्ग जवळजवळ रिकामे होऊ शकतात. निवड वर्गवार करणे हा यावरील साधा उपाय आहे. वगळलेल्या उदाहरणांची वर्गवार मोजणी केली तर हा बिघाड लगेच दिसतो.

दोषांचे प्रमाण आधी ठाऊक नसेल तर यादृच्छिकपणे २०० उदाहरणे निवडून ती काळजीपूर्वक तपासतात. त्यांत २० चुकीची निघाली तर संचातील प्रमाण साधारण ६ ते १४ टक्क्यांच्या दरम्यान आहे असे मानता येते. या अंदाजाचा आणखी एक उपयोग होतो. सुमारे १० टक्के लेबले चुकीची असताना प्रशिक्षणातील अचूकता ९९ टक्क्यांवर गेली, तर मॉडेलने चुका पाठ केल्या आहेत असे समजावे. स्वच्छ पडताळणी संचावरील अचूकता आधी वाढून मग घसरू लागणे ही त्याचीच दुसरी खूण आहे. प्रशिक्षण त्या शिखराजवळ थांबवणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे आणि अनेकदा तो गुंतागुंतीच्या पद्धतींच्या बराच जवळ जातो.

संशयितांची यादी हाती आल्यावर तिला निकाल समजणे चूक ठरते. २०२१ साली नॉर्थकट, अनीश अथल्ये आणि जोनास म्यूलर यांनी दहा प्रसिद्ध संचांच्या चाचणी भागांची तपासणी केली. संगणकाने संशयित ठरवलेली उदाहरणे माणसांना दाखवली असता सरासरीने ५१ टक्के खरोखर सदोष निघाली, म्हणजे जवळजवळ निम्मा संशय निराधार होता. तपासणाऱ्याला आधीची नोंद दाखवली तर तो तिच्याकडे झुकतो. म्हणून नोंद झाकून चित्र दाखवणे आणि संशयितांमध्ये काही निर्विवाद उदाहरणे मिसळणे इष्ट असते. आपल्या तक्त्यातील चौथ्या, शाई फुटलेल्या चित्राचे उत्तर कोणालाच ठामपणे देता येणार नाही. तेथे 'चुकीचे' हा शिक्काही लागू पडत नाही. असे चित्र वगळणे किंवा 'अनिर्णित' म्हणून वेगळे ठेवणे बरे.

वरील तपासणीत दहा संचांच्या चाचणी भागांत सरासरी किमान ३.३ टक्के लेबले चुकीची आढळली. इमेजनेटच्या पडताळणी भागात हे प्रमाण सुमारे ६ टक्के होते आणि हस्तलिखित अंकांच्या एमनिस्ट या संचातील १०,००० चाचणी चित्रांत १५ चुका निघाल्या. ज्या संचावर मॉडेलची परीक्षा घ्यायची त्यातच दोष असतील, तर दोष पाठ करणाऱ्या मॉडेलला अधिक गुण मिळू शकतात. इमेजनेटवरील लेबले दुरुस्त केल्यावर या संशोधकांना असे दिसले की, मुळात सदोष असलेल्या चाचणी उदाहरणांचे प्रमाण आणखी ६ टक्क्यांनी वाढले तर रेसनेट-१८ हे लहान मॉडेल रेसनेट-५० या मोठ्या मॉडेलच्या पुढे जाते. म्हणून प्रशिक्षण संच स्वच्छ करण्यास मनुष्यबळ कमी असेल, तर ते आधी चाचणी संचावर खर्च केले जाते.